वीजबिलाच्या तक्रारीत रीडिंग, रक्कम आणि तारीख कशी लिहावी: बडोद्यातल्या घरगुती ग्राहकांसाठी

सबडिव्हिजनच्या कचेरीत बिलाच्या तक्रारी पडून राहतात, त्याचं कारण बहुतेक वेळा तक्रारीतच असतं. दोन पानं भरून लिहिलेलं असतं: बिल अचानक वाढलं, घरात दोनच माणसं, एसी नाही. पण कोणत्या बिलातला कोणता आकडा चुकला, आज मीटरवर काय आहे आणि नेमकं काय दुरुस्त करून हवंय, हे कुठेच नसतं. टेबलावर बसलेला माणूस ग्राहक क्रमांक टाकून खातं उघडतो, आपल्या कागदावरचा आकडा खात्यातल्या आकड्याशी जुळवू पाहतो, आणि जुळवायला काही सापडलं नाही की कागद बाजूला ठेवतो.

आपल्याकडे यात भाषेची भर पडते. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतली मराठी घरं तक्रार मराठीत लिहितात किंवा मोडक्या गुजरातीत. टेबलावरचा माणूस कधी मराठी समजणारा असतो, कधी नसतो. मजकूर कुणाकडून वाचून घेता येतो. आकडे मात्र तो स्वतः वाचतो आणि स्वतःच संगणकात टाकतो. म्हणून आकडे असे लिहायचे की भाषा कोणतीही असो, ते एकाच प्रकारे वाचले जातील.

इथे मी एकच प्रकार घेतला आहे, कारण तोच सर्वात जास्त दिसतो आणि तोच सर्वात लवकर सुटू शकतो: रीडिंग घेताना किंवा टाकताना आकडा चुकला आणि बिल फुगलं. मीटरच वेगात पळतो अशी शंका असेल तर ती तक्रार वेगळी, तिची चौकशीही वेगळी. त्याबद्दल चौथ्या टप्प्यात थोडक्यात लिहिलं आहे.

उदाहरण सगळीकडे एकच वापरतो. दोन महिन्यांचं बिल आहे. 13 जानेवारी 2025 ला रीडिंग 14287 होतं. 15 मार्च 2025 च्या बिलात चालू रीडिंग 14853 छापलं आहे, म्हणजे 566 युनिट. त्या घराचं बिल एरवी तीनशे युनिटांच्या आसपास असतं.

## 1. आधी मीटर बघा, मग बिल

बिल हातात पडलं की लोक रकमेकडे बघतात आणि तिथूनच भांडायला लागतात. सुरुवात मीटरपासून करा, आणि त्याच दिवशी करा.

पहिलं काम मीटरचा नंबर जुळवण्याचं. मीटरच्या पाटीवर सिरीयल नंबर असतो, तोच बिलावरही असतो. वाड्यात जिन्याखाली किंवा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये आठ-दहा मीटर एका फळीवर असतात, आणि वर रंगाने लिहिलेले घरनंबर भाडेकरू बदलले तरी जुनेच राहतात. नंबर जुळला तरी खात्री करायची असेल तर घरातला मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. तो लुकलुकत राहिला तर त्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी भार आहे किंवा तो मीटर तुमचा नाही, आणि मग तुमची तक्रार रीडिंगच्या चुकीची उरत नाही.

आता रीडिंग. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा एकामागून एक आकडे दाखवत फिरतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी आणि एकूण वापर. आपल्याला हवा तो एकूण वापराचा आकडा, ज्याच्या बाजूला `kWh` अशी अक्षरं दिसतात. `kW` वेगळं आणि `kVAh` वेगळं. बटण असेल तर दाबत जा, नसेल तर पडदा एकदा पूर्ण फिरेपर्यंत थांबा. छतावर सोलर असेल तर मीटर घेतलेली आणि पाठवलेली वीज वेगवेगळी दाखवतो. तिथे दोन्ही आकडे टिपून घ्या.

फोटो दोन काढा. एकात `kWh` चा आकडा आणि मीटरचा सिरीयल नंबर दोन्ही एकत्र यायला हवेत. दुसरा फोटो पडद्यावर तारीख दिसत असतानाचा. नुसत्या आकड्याचा जवळून घेतलेला फोटो कोणत्याही मीटरचा असू शकतो, आणि टेबलावर तसं सांगितलंही जातं.

इशारा: पडद्यावर 14618.4 असं दिसत असेल तर तक्रारीत 14618 एवढंच लिहा. बिल पूर्ण युनिटांवर निघतं. टिंब फिकट उमटलं तर तोच आकडा 146184 असा वाचला जातो आणि तुमची अख्खी तक्रार विश्वास ठेवण्याजोगी राहत नाही.

आपल्या उदाहरणात फोटो 22 मार्च 2025 ला सकाळी काढला आणि मीटरवर 14618 होतं. हा आकडा बिलातल्या 14853 पेक्षा कमी आहे. मीटर मागे फिरत नाही. जो आकडा मीटरवर 22 तारखेलाही आलेला नव्हता, तो 15 तारखेला असणं शक्य नाही. वापर किती, घरात माणसं किती, हे काहीही न सांगता चूक इथे सिद्ध होते.

तपासा: आज मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी आहे का? असेल तर तुमची तक्रार रीडिंगच्या चुकीची आहे आणि पुढचे टप्पे जसेच्या तसे लागू पडतात. जास्त असेल तर बिलाच्या तारखेनंतरच्या दिवसांत तेवढा वापर होऊ शकतो का, हे आधी बघा.

## 2. उशीर केला तर पुरावाच पुसला जातो

टेबलावर कधीकधी सांगितलं जातं की पुढच्या बिलात आपोआप ॲडजस्ट होईल. लोक ऐकून परत येतात. यात अर्धं खरं आहे, म्हणून हिशेब समजून घ्या.

घरात रोज साधारण पाच युनिट लागतात. 14618 वरून 14853 ला पोहोचायला 235 युनिट लागतील, म्हणजे सत्तेचाळीस दिवस. 8 मे च्या सुमारास मीटर खरोखरच तो आकडा ओलांडेल. मेच्या मध्यावर पुढचं रीडिंग होईल तेव्हा मीटरवर 14880 च्या आसपास काहीतरी असेल, आणि बिल तीस युनिटांच्या आसपास येईल. वर्षाचे एकूण युनिट बरोबर जुळतील. उन्हाळ्यात पंखे-कूलर चालले तर ही वेळ आणखी लवकर येईल.

पण घरगुती वीजदर टप्प्यांत असतो. पहिले काही युनिट स्वस्त, वरचे महाग. तीनशे आणि तीनशे असे दोन बिलांत विभागले गेले असते तर जे युनिट खालच्या टप्प्यात बसले असते, ते 566 च्या एका बिलात वरच्या टप्प्यात जातात. पुढच्या तीस युनिटांच्या बिलात स्वस्त टप्पा रिकामा राहतो. तो फरक आपोआप परत येत नाही.

आणि एकदा मीटरने 14853 ओलांडलं की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. त्यानंतर फक्त जुना फोटो तुमच्या बाजूने बोलतो. म्हणून फोटो पहिल्याच आठवड्यात काढा, तक्रार नंतर लिहिली तरी चालेल.

## 3. आकडे कसे काढायचे

अंक फक्त 0 ते 9 अशा इंग्रजी वळणाचे लिहा, मजकूर कोणत्याही भाषेत असो. मीटर तेच दाखवतो, बिलावर तेच असतात, संगणकात तेच टाकले जातात. हाताने लिहिलेला मराठी १ हा घाईत 9 वाचला जातो, ४ हा 8 सारखा दिसतो, ७ हा 6 सारखा. गुजराती अंक आपल्या अंकांच्या जवळचे आहेत, पण टेबलावरचा माणूस तुमचा कागद वाचताना कोणत्या वळणाचे अंक धरून वाचतोय हे तुम्हाला कळणार नाही. सर्वात वाईट म्हणजे मिसळ: एकाच आकड्यात दोन मराठी आणि तीन इंग्रजी अंक. ज्यांनी शाळेत मराठीत गणित केलं आणि नोकरी इंग्रजीत केली, त्यांच्या हातून हे नकळत होतं. लिहून झाल्यावर फक्त अंकांवरून एकदा नजर फिरवा.

इंग्रजी 1 आणि 7 मध्येही गोंधळ होतो. 7 च्या दांड्याला मधे आडवी रेघ द्या, 1 साधा उभा काढा.

रीडिंगमध्ये स्वल्पविराम घालू नका, रकमेत जरूर घाला. 14618 हे रीडिंग आणि 4,233.00 ही रक्कम, असं लिहिलं की दोन्ही प्रकारचे आकडे नजरेलाच वेगळे दिसतात. रकमेपुढे "रु." आणि शेवटी दोन शून्यं. "सव्वाचार हजार", "साडेचारशेचं बिल" असं काही लिहू नका. खात्यात 4,233.00 शोधायचे असतात, सव्वाचार हजार शोधता येत नाहीत.

तोंडी किंवा फोनवर सांगताना आकडा एकेक अंक करून सांगा. "चौदा हजार सहाशे अठरा" असं सांगितलं की ऐकणारा मनात भाषांतर करतो, आणि एकोणसत्तर, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी असल्या आकड्यांवर अडखळतो. एकेका अंकात मराठी आणि गुजराती चारच ठिकाणी वेगळ्या जातात: दोनला बे, तीनला त्रण, सहाला छ, नऊला नव. सहा म्हटलेलं सात ऐकू येतं, तेव्हा निदान तो एक अंक गुजरातीत म्हणा. 14618 म्हणजे "एक, चार, छ, एक, आठ". त्यांनी काय लिहिलं ते परत वाचून दाखवायला सांगा. यात कुणी रागावत नाही.

तारखेत महिन्याचं नाव लिहा. 03-04-2025 ही 3 एप्रिल की 4 मार्च, हा प्रश्न उद्भवू देऊ नका. 3 एप्रिल 2025 असं लिहिलं की मराठी, गुजराती, हिंदी, कुणालाही एकच अर्थ कळतो, कारण महिन्यांची नावं जवळजवळ सारखी आहेत. वर्ष चार अंकी ठेवा.

इशारा: "मार्च महिन्याचं बिल" असं कधीही लिहू नका. दोन महिन्यांच्या बिलात वापर जानेवारी ते मार्चचा, रीडिंग मार्चचं, आणि पैसे भरायची तारीख कधी मार्चमधली तर कधी एप्रिलमधली. तुम्ही एक बिल धरून बोलता आणि समोरचा दुसरं उघडून बसतो. बिल ओळखायचं ते बिलाच्या तारखेने आणि त्यावर बिल क्रमांक असेल तर त्याने. "परवा रीडिंग बघितलं", "गेल्या वेळी भरले" हेही नको.

## 4. काय मागायचं ते ठरवा

तक्रार लिहायच्या आधी स्वतःला विचारा की मला रीडिंग दुरुस्त करून हवंय की रक्कम कमी करून हवी आहे. टेबलावर रक्कम कुणी हाताने बदलत नाही. रीडिंग बदललं की युनिट बदलतात आणि रक्कम संगणक पुन्हा काढतो: स्थिर आकार, इंधन आकार, वीज शुल्क सगळं धरून. म्हणून मागणी रीडिंगची करा. "बिल 2,100 चं करून द्या" अशी मागणी केली तर तो आकडा कुठून आला हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि ते तुमच्याने होणार नाही.

आपल्या उदाहरणात खरं रीडिंग बहुधा 14583 असावं. मधले 5 आणि 8 उलटे पडले आणि 14853 झालं. हिशेबही जुळतो: 14583 धरलं तर एकसष्ट दिवसांत 296 युनिट होतात, रोजचे पाचाच्या थोडे आत, आणि त्यानंतरच्या सात दिवसांत 35, म्हणजे रोजचे पाच. तरीही 14583 हे खरं रीडिंग म्हणून लिहू नका. 15 मार्चला ते तुम्ही पाहिलेलं नाही. "अंकांची अदलाबदल झाली असावी" एवढंच लिहा आणि मागणी करा ती पुन्हा रीडिंग घेण्याची. कचेरी माणूस पाठवून रीडिंग घेईल आणि त्या आधाराने बिल दुरुस्त करेल. त्यात काही दिवसांचे युनिट जास्त आले तरी बिघडत नाही, ते पुढच्या बिलातून वजा होतात.

स्मार्ट मीटरवर रीडिंग माणूस घेत नाही, त्यामुळे अंकांची अशी अदलाबदल तिथे होत नाही. वापर पटत नसेल तर ती मीटरच्या अचूकतेची तक्रार. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने जोडीला दुसरा मीटर बसवायचा असतो, आणि किमान तीन महिने त्यावरून पडताळणी करायची असते. ही मागणी वरच्या मागणीत मिसळू नका. दोन्ही एका अर्जात घातल्या की अर्ज मीटर तपासणीच्या टेबलावर जातो आणि साधी अंकांची चूक महिनोन्महिने तशीच राहते.

तपासा: तुमची मागणी एका वाक्यात मावते का? "रीडिंग पुन्हा घेऊन 15 मार्च 2025 चं बिल दुरुस्त करावं." मावत नसेल तर तुम्ही दोन तक्रारी एकत्र करत आहात.

## 5. अर्ज: आधी तक्ता, मग तीन ओळी

अर्ज एका पानाचा ठेवा. वर सबडिव्हिजनच्या डेप्युटी इंजिनिअरांच्या नावे पत्ता, विषय एका ओळीत, आणि लगेच तक्ता. कहाणी तक्त्याच्या वर येऊ देऊ नका, कारण वाचणारा ज्या क्रमाने खात्यात बघतो त्याच क्रमाने त्याला आकडे मिळायला हवेत: ग्राहक, बिल, रीडिंग, रक्कम.

डावीकडे मराठी, मधे गुजराती, उजवीकडे आकडा. तुमच्या बिलावर एखाद्या रकान्याचं नाव वेगळं छापलेलं असेल तर तेच नाव उतरवून घ्या, खालचं नाही. गुजराती लिपी लिहिता येत असेल तर उत्तम, नसेल तर देवनागरीत लिहिलेली गुजरातीही वाचली जाते.

| मराठी | गुजराती | आकडा |
|---|---|---|
| ग्राहक क्रमांक | ग्राहक नंबर | (बिलावरून सगळे अंक) |
| मीटर क्रमांक | मीटर नंबर | (पाटीवरून) |
| बिलाची तारीख | बिलनी तारीख | 15 मार्च 2025 |
| मागील रीडिंग | अगाउनुं रीडिंग | 14287 (13 जानेवारी 2025) |
| बिलातलं चालू रीडिंग | बिलमां हालनुं रीडिंग | 14853 (15 मार्च 2025) |
| बिलातला वापर | बिलमां वपराश | 566 युनिट |
| मीटरवर प्रत्यक्ष | मीटरमां खरेखर | 14618 (22 मार्च 2025, 08:10) |
| चालू बिलाची रक्कम | चालु बिलनी रकम | रु. 4,138.00 |
| मागील बाकी | अगाउनी बाकी | रु. 95.00 |
| एकूण | कुल | रु. 4,233.00 |
| भरण्याची शेवटची तारीख | भरवानी छेल्ली तारीख | 28 मार्च 2025 |

प्रत्येक रीडिंगच्या शेजारी त्याची तारीख आहे, हे बघा. रीडिंगला तारीख नसेल तर ते निरुपयोगी. इथे फोटो 22 मार्चचा, तो दिवस चौथा शनिवार. कचेरी बंद, म्हणून अर्ज 24 मार्चचा. अर्जावरची तारीख आणि रीडिंगची तारीख वेगळी असणारच. अर्जाची तारीखच रीडिंगलाही लावून टाकण्याची चूक फार जण करतात, आणि मग फोटोतली तारीख कागदाशी जुळत नाही.

रकमेचे तीन भाग वेगळे दाखवले आहेत तेही मुद्दाम. मागील बाकी 95.00 रुपये हा वादाचा भाग नाही. एकूण 4,233.00 वर हरकत घेतली तर त्या 95 रुपयांबद्दलही तुम्ही भांडताय असा अर्थ निघतो.

तक्त्याखाली तीन ओळी पुरतात. मराठीत:

"बिलात रीडिंग 14853 आहे. 22 मार्च 2025 ला मीटरवर 14618 आहे. रीडिंग पुन्हा घेऊन बिल दुरुस्त करून द्यावं."

गुजरातीत तेच:

"बिलमां रीडिंग 14853 छे. 22 मार्च 2025 ना रोज मीटरमां 14618 छे. रीडिंग फरी लई बिल सुधारी आपशो."

दोन्ही एकाखाली एक लिहिलं तरी चालतं. आकडे दोन्हीकडे तंतोतंत तेच आहेत ना, एवढं ताडून पाहा. नंतर आधीच्या बिलांतला वापर एका ओळीत द्यायचा असेल तर द्या, पण मुख्य पुरावा मीटरवरचा आकडा आहे. एकदा मीटर मागे आहे हे दाखवल्यावर घरात कोण राहतं, गावी कोण गेलं होतं, हे लिहून त्याला झाकू नका.

सोबत: वादातल्या बिलाची प्रत, त्याआधीच्या बिलाची प्रत, दोन्ही फोटोंची छापील प्रत. फोटोच्या मागे तारीख आणि ग्राहक क्रमांक लिहा, कारण टाचणी सुटली की फोटो कुणाचा ते कळत नाही. मूळ बिल देऊन बसू नका.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाला फक्त तक्ता द्या आणि विचारा, "चूक कुठे आहे?" त्यांचं बोट 14618 वर गेलं तर तक्ता बरोबर आहे.

## 6. पैसे भरायची तारीख अंगावर येते तेव्हा

तक्रार दिली म्हणून बिल थांबत नाही. अनेकांना वाटतं की निकाल लागेपर्यंत भरायची गरज नाही. मग विलंब आकार लागतो, पुढच्या बिलात थकबाकी दिसते, आणि मूळ तक्रार त्या गोंधळात बुडते.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 मध्ये यावर वाट आहे. वाद चालू असताना ग्राहकाने हरकत नोंदवून दोनपैकी कमी असलेली रक्कम भरली तर वीज तोडता येत नाही: एक, मागितलेली पूर्ण रक्कम, दोन, मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या वीज आकाराच्या सरासरीने निघणारी रक्कम.

आपल्या घराची मागची तीन बिलं, म्हणजे सहा महिने, अशी होती:

13 सप्टेंबर 2024: रु. 2,310.00
14 नोव्हेंबर 2024: रु. 2,160.00
13 जानेवारी 2025: रु. 1,985.00

बेरीज 6,455.00. सहाने भागलं तर महिन्याला 1,075.83, दोन महिन्यांचे 2,151.67, म्हणजे 2,152.00 रुपये धरा. त्यात वाद नसलेली बाकी 95.00 मिळवली की 2,247.00. ही रक्कम चालू बिलाच्या 4,138.00 पेक्षा बरीच कमी आहे. दोन महिन्यांच्या बिलांमध्ये इथे हमखास चूक होते: तीन बिलांची बेरीज तीनाने भागायची ती दोन महिन्यांच्या रकमेसाठी, सहाने भागायची ती एका महिन्यासाठी. महिन्याची सरासरी काढून तेवढीच भरली तर अर्धीच रक्कम जाते.

हा हिशेब अर्जातच एका वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि "हरकत राखून भरत आहे" असं स्पष्ट लिहा. गुजरातीत "वांधा साथे भरुं छुं". अपुरी रक्कम घेण्याची परवानगी काउंटरला आतून लागते, म्हणून आधी अर्ज देऊन पोच घ्या आणि ती दाखवून भरा. ऑनलाइन भरताना हरकतीची नोंद कुठेच राहत नाही. तोच मार्ग उरला असेल तर भरल्यावर त्याच दिवशी पावतीची प्रत जोडून एक ओळीचा अर्ज द्या.

इशारा: पूर्ण रक्कम भरणं परवडत असेल आणि दगदग नको असेल तर पूर्ण भरायलाही हरकत नाही, पण तीही हरकत नोंदवूनच. नुसतं भरून टाकलं की "ग्राहकाने बिल मान्य केलं" असं म्हणायला जागा राहते.

## 7. अर्ज देताना

दोन प्रती न्या. एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का मारला पण नंबर घातला नाही तर नम्रपणे मागा: "भाई, आवक नंबर लखी आपशो?" पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं. ॲपवर किंवा कस्टमर केअरला फोन करून तक्रार दिली तर तिथला तक्रार नंबर याच प्रतीवर टिपा, म्हणजे दोन्ही नोंदी एकत्र राहतील.

टेबलावर बोलताना कहाणी सांगायच्या ऐवजी तक्त्यातल्या दोन ओळींवर बोट ठेवा: बिलात हे, मीटरवर हे. वयस्कर मंडळींना मी नेहमी सांगतो की गुजराती येत नाही म्हणून शेजाऱ्याला बरोबर न्यायची गरज नाही. तक्ता नीट असेल तर "मीटरमां ओछुं छे, बिलमां वधारे छे" एवढं पुरतं.

रीडिंग घ्यायला माणूस येईल तेव्हा घरी कुणीतरी हवं. त्याने लिहिलेला आकडा तिथल्या तिथे वाचा, मीटरचा त्याच क्षणी फोटो काढा, आणि तारीख आपल्या प्रतीवर लिहा. उदाहरणातल्या घरी तो 27 मार्चला आला असता तर 14643 च्या आसपास आकडा यायला हवा. फार वेगळा आला तर तो जायच्या आत बोला.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढचा दरवाजा ग्राहक तक्रार निवारण मंचाचा आणि त्यानंतर लोकपालाचा. तिथे नवा मजकूर रचू नका. हाच तक्ता, त्याखाली दोन ओळी वाढवून: अर्जाचा आवक नंबर आणि तारीख, उत्तराची तारीख किंवा "उत्तर नाही". आकडे बदललेले दिसले तर मंचापुढे पहिला प्रश्न तोच येतो.

## 8. दुरुस्त बिल आल्यावर

दुरुस्त बिलात तीन जागा बघा. चालू रीडिंग 14853 च्या जागी तपासणीत ठरलेला आकडा आला का. युनिट त्या प्रमाणात कमी झाले का. आणि हरकत नोंदवून भरलेले 2,247.00 रुपये जमा दिसतात का, की पूर्ण रक्कम पुन्हा मागितली आहे.

मग पुढच्या, म्हणजे मेच्या बिलात मागील रीडिंगचा रकाना बघा. तिथेही दुरुस्त आकडाच हवा. कधीकधी पैसे परत जमा होतात, पण खात्यातलं रीडिंग 14853 च राहतं. मग मेचं बिल 14853 पासून मोजलं जातं आणि फक्त तीस युनिटांचं येतं. ग्राहक खूश होतो, पण तो फायदा दोनदा मिळालेला असतो: एकदा परताव्यात आणि एकदा कमी युनिटांत. खात्याच्या तपासणीत हे दिसलं की तेवढी रक्कम थकबाकी म्हणून पुढच्या एखाद्या बिलात उभी राहते, आणि तेव्हा ती कशाची हे सांगायला जुने कागद शोधावे लागतात. मेच्या बिलात मागील रीडिंग चुकीचं दिसलं तर त्याच आवक नंबराचा उल्लेख करून एक छोटा अर्ज द्या: "मागील रीडिंग 14853 च्या जागी दुरुस्त आकडा घ्यावा." सोबत दुरुस्त बिलाची प्रत जोडा, आणि त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग तारखेसह लिहा.